उणे अकराचं काय झालं?

बोरीवली पश्चिमेला स्टेशनकडून निघालं की वर क्लासच्या पाट्या आणि खाली झेरॉक्सची दुकानं दिसतात. दहावीची परीक्षा जवळ आली की इथे कुणाच्या तरी ताईच्या वहीची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स हातोहात फिरते. अक्षर सुंदर असतं. अडचण तीच आहे, कारण सुबक अक्षरातल्या मजकुरावर कुणी शंका घेत नाही.

विज्ञानाच्या भाग १ मधला पहिलाच पाठ घ्या, गुरुत्वाकर्षण. उसनी नोट पुस्तकाशी पडताळताना आधी ती कोणत्या पुस्तकावरून काढली आहे ते पाहावं. बालभारतीचं सध्याचं दहावीचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्याआधीची वही किंवा दुसऱ्या बोर्डाची नोट असेल तर पाठच जुळणार नाहीत. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते.

मग एकेक ओळ. व्याख्या सहसा बऱ्या उतरतात. घात होतो तो घातांकांचा आणि एककांचा. नोटेत G = 6.67 × 10¹¹ असं दिसलं, तर पुस्तकात 6.67 × 10⁻¹¹ N m²/kg² अशीच किंमत सापडेल. ती बारीक आडवी रेघ दुसऱ्या-तिसऱ्या झेरॉक्समध्ये पुसली गेलेली असते. आकड्याचा अर्थ लावला तरी चूक पकडता येते. एकेक किलोच्या दोन वस्तू एक मीटरवर ठेवल्या, तर त्यांच्यातलं बल न्यूटनमध्ये G इतकंच. उणे गेलं की ते बल अब्जावधी न्यूटन होतं!

मुक्तिवेगाचंही तसंच. पृथ्वीसाठी तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. घाईत 'कि.' गळून '११.२ मी.' राहिलं, तर तो वेग ताशी सुमारे चाळीस किलोमीटर होतो. मग विरार लोकल बोरीवलीहून सुटताच अंतराळात गेली असती.

ओळ जुळली की समासात पेन्सिलीने पुस्तकाचं पान लिहावं. जी ओळ कुठेच सापडत नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ती शिक्षकांना दाखवावी. ती चूकच असेल असं नाही, पण पान मिळेपर्यंत पाठ करू नये.

एका ठिकाणी मात्र उतावळेपणाने खोडाखोड होते. नोटेत g ची किंमत ९.७७ आणि दुसरीकडे ९.८ दिसली की मुलं एक आकडा कापतात. पृथ्वीचं वस्तुमान 6 × 10²⁴ kg आणि त्रिज्या 6.4 × 10⁶ m धरून g = GM/R² सोडवलं, तर ९.७७ च येतं. वस्तुमान आणि त्रिज्या ढोबळ धरल्याचा तो फरक आहे. शिवाय g सगळीकडे सारखा नसतोच: विषुववृत्तावर सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३. त्यामुळे इथे दोन्ही आकडे ठेवायचे आणि कोणता गणिताचा, कोणता सरासरीचा, एवढं शेजारी लिहायचं.