ऑप्शन वापरावा की विकावा?

अमेरिकेतल्या शेअरबाजारात घेतलेला कॉल ऑप्शन मुदत संपण्याआधी कधीही वापरता येतो. ब्रोकरला कळवायचं, ठरलेल्या भावाने पैसे भरायचे आणि शेअर खात्यात घ्यायचे. यालाच तिथे ‘एक्सरसाइज’ करणं म्हणतात. ऑप्शनमध्ये नवख्या माणसाला हीच सरळ वाट वाटते. शेअर वर गेला, आपल्याला स्वस्तात घ्यायचा हक्क आहे, मग तो बजावू या! पण बहुतेक वेळा या वाटेने जाणारा माणूस स्वतःचे पैसे टेबलावर ठेवून उठतो. ते किती आणि कुणाच्या खिशात जातात, हे एका हिशेबातून पाहता येईल.

समजा, एका कंपनीचा शेअर 112 डॉलरवर आहे. तुमच्याकडे त्याचा 100 डॉलर स्ट्राइकचा एक कॉल आहे आणि मुदत संपायला सहा आठवडे बाकी आहेत. ही कंपनी या काळात लाभांश देणार नाही. अमेरिकेत एका ऑप्शनमागे 100 शेअर असतात. बाजारात या कॉलचा भाव आहे 14.20 डॉलर. शेअर 100 ला घेऊन लगेच 112 ला विकला तर 12 डॉलर मिळतील, म्हणजे त्या 14.20 पैकी 12 डॉलर आजच हातात येण्यासारखे आहेत. ही झाली इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू. उरलेले 2.20 म्हणजे टाइम व्हॅल्यू.

आता तुम्ही ऑप्शन वापरलात तर 10,000 डॉलर भरून 11,200 डॉलरचे शेअर मिळतील. फायदा 1,200. ऑप्शन विकलात तर 1,420. फरक 220 डॉलरचा.

“पण मला शेअरच हवे आहेत,” असं कुणी म्हणेल. हरकत नाही, तरीही विकाच. ऑप्शनचे 1,420 डॉलर घ्या आणि बाजारातून 11,200 ला शेअर घ्या. खिशातून गेले 9,780. ऑप्शन वापरून तेच शेअर 10,000 ला पडले असते. म्हणजे शेअर ठेवायचे असोत वा नसोत, दोन्हीकडे विकणाराच 220 डॉलरने पुढे राहतो. दलाली आणि कर वजा करून हा फरक थोडा हलेल, पण एवढा मोठा असेल तर सहसा उलटणार नाही.

त्या 220 डॉलरमध्ये नेमकं काय असतं? दोन गोष्टी. पहिली, व्याज. कॉल हातात असेपर्यंत तुमचे 10,000 डॉलर बँकेत व्याज कमावत राहतात. ऑप्शन वापरला की ते आजच जातात. वर्षाला साडेचार टक्के दराने सहा आठवड्यांचं व्याज जवळपास 50 डॉलर होतं. दुसरी गोष्ट मोठी आहे, ती म्हणजे पडझडीपासूनचं संरक्षण. शेअर 85 वर कोसळला असं धरा. ऑप्शन वापरणाऱ्याकडे 10,000 देऊन घेतलेले आणि आता 8,500 किमतीचे शेअर असतील. ऑप्शन तसाच ठेवणाऱ्याचा कॉल शून्य होईल, पण 10,000 त्याच्या बँकेत शाबूत असतील. शेअर वर गेला तर दोघांनाही सारखाच लाभ. खालच्या बाजूची ही मोकळीक फुकट नसते, बाजार तिची किंमत लावतो, आणि आपल्या उदाहरणात ती सुमारे 170 डॉलर आहे. वापरण्याच्या क्षणी ती मोकळीक संपते आणि तिच्याबद्दल कुणी छदामही देत नाही.

हे पैसे हवेत विरत नाहीत. समोर कुणीतरी तोच कॉल लिहून विकलेला असतो. तुम्ही वापरलात की अमेरिकेतली ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन सोडतीने दलालांपैकी एक निवडते आणि शेवटी एखाद्या विक्रेत्याच्या खात्यावर ते बंधन येऊन पडतं. त्याला 100 डॉलरने शेअर द्यावे लागतात खरे, पण जे बंधन बाजारातून सोडवायला त्याला 1,420 डॉलर मोजावे लागले असते, ते 1,200 मध्ये सुटलं. तुमचे 220 डॉलर त्याला मिळाले.

लाभांश न देणाऱ्या शेअरचा कॉल मुदतीआधी वापरण्यात अर्थ नसतो, हे रॉबर्ट मर्टन यांनी 1973 साली गणिताने मांडलं. शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार उघडला तोही त्याच वर्षी, 26 एप्रिलला. त्या दिवशी फक्त 16 कंपन्यांचे कॉल होते. ज्याला आपला हक्क विकायला जागाच नाही, त्याला वापरण्यावाचून गत्यंतर नसतं. बाजार आल्यावर विकण्याची वाट खुली झाली.

याला अपवाद आहेत, आणि ते टाइम व्हॅल्यू जवळपास संपली असेल तिथेच सापडतात. सगळ्यांत महत्त्वाचा अपवाद लाभांशाचा. कॉलवाल्याला लाभांश मिळत नाही, पण एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी शेअर साधारण तेवढ्याने खाली येतो. शेअर 130 वर, स्ट्राइक 100, मुदतीला आठ दिवस आणि उद्या 90 सेंटचा लाभांश, अशी स्थिती घ्या. इतक्या खोल कॉलमध्ये टाइम व्हॅल्यू फार तर दहा-वीस सेंट. ती वाचवायला 90 सेंट सोडणं वेडेपणाचं. अशा वेळी आदल्या दिवशी कॉल वापरावा किंवा विकावा, पण नुसता धरून बसू नये. खोलवर फायद्यात गेलेल्या पुटमध्येही असंच घडतं: शेअर देऊन मिळणारे पैसे आजच व्याजाला लागले, तर थांबण्यात काही उरत नाही.

दुसरी अडचण व्यवहारातली. खोल कॉलमध्ये ग्राहक कमी असतात. शेअर 112 ला असताना स्क्रीनवर खरेदीदाराची बोली 11.70 दिसली, तर विकणं तोट्याचं, कारण वापरूनच 12 मिळतात. म्हणून बटण दाबण्याआधी बोली आणि इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू शेजारी ठेवून पाहावी. बोली कमी असेल तर आधी 12 च्या आसपास लिमिट ऑर्डर लावून थोडं थांबावं, आणि नाहीच जमलं तर वापरावं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. एनएसईवर शेअरचे ऑप्शन 2001 साली आले तेव्हा अमेरिकी पद्धतीचेच होते. 2011 च्या जानेवारीपासून ते युरोपीय पद्धतीचे झाले, म्हणजे मुदतीच्या दिवसाआधी वापरताच येत नाहीत. त्यामुळे मुदतीआधी बाहेर पडायची वाट एकच, विकण्याची. तरीही ‘शेवटपर्यंत राहू द्या, फायद्यात असेल तर आपोआप मिळेल’ म्हणणारे खूप, आणि त्यांना एक महाग धडा मिळायचा. 2019 च्या सप्टेंबरपूर्वी मुदतीला आपोआप वापरल्या गेलेल्या ऑप्शनवर एसटीटी 0.125 टक्के होता, तोही संपूर्ण सौद्याच्या किमतीवर. निफ्टी 10,000 च्या घरात आणि लॉट 75 चा असताना ही किंमत साडेसात लाख व्हायची आणि कर सुमारे 937 रुपये. कॉल अवघा पाच अंकांनी फायद्यात असेल तर मिळकत 375 रुपये. फायद्यातला ऑप्शन शेवटपर्यंत धरल्यामुळे तोटा! शेवटच्या तासात तो चार अंकांना विकला असता तरी 300 रुपये सुटले असते आणि कर नगण्य लागला असता, कारण विक्रीवरचा एसटीटी फक्त प्रीमियमवर असतो. आता मुदतीचा करही फक्त इन्ट्रिन्सिक व्हॅल्यूवर लागतो, त्यामुळे हा सापळा गेला. पण 2019 च्या ऑक्टोबरपासून सगळ्या शेअर-ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. फायद्यातला कॉल विकायचा राहून गेला तर पूर्ण लॉटची रक्कम भरावी लागते, आणि ब्रोकर शेवटच्या काही दिवसांत त्यासाठी जादा मार्जिन मागू लागतात.