सर्व्हर बदलला, तरी वेबसाइट जुनीच का उघडते?

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, डोमेनच्या नोंदीत नवा आयपी पत्ता टाकला, सेव्हही केलं. तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनंच पान दिसतं आणि मालकाच्या मोबाइलवर मात्र नवं. होस्टिंगवाल्याला फोन केला तर तो सांगतो, ‘प्रोपगेशन चालू आहे, 24 ते 48 तास थांबा.’ हे ऐकून वाटतं की नवा पत्ता केबलमधून हळूहळू जगभर पसरत असावा. प्रत्यक्षात काहीच पसरत नसतं. जुनी उत्तरं ज्यांच्याकडे साठलेली आहेत, त्यांची मुदत एकेक करून संपत असते.

ब्राउझरमध्ये नाव टाइप केलं की कॉम्प्युटरला त्या नावामागचा आकडी पत्ता लागतो. तो शोधायचं काम बहुधा आपल्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर करतो. तो विचारत विचारत त्या डोमेनच्या नेमसर्व्हरपर्यंत पोहोचतो. अधिकृत नोंद तिथे असते. मिळालेलं उत्तर रिझॉल्व्हर स्वतःकडे ठेवून घेतो, म्हणजे पुढच्या ग्राहकासाठी पुन्हा तेवढी पायपीट नको. या साठ्याला कॅशे म्हणतात. उत्तर किती वेळ ठेवायचं हे नोंदीतच सेकंदांत लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे टीटीएल. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखाच हा प्रकार: मुदत संपेपर्यंत तीच पिशवी वापरायची, डेअरीला विचारायला जायचं नाही.

समजा, जुन्या नोंदीचा टीटीएल 14400, म्हणजे चार तास होता आणि सकाळी 11 वाजता पत्ता बदलला. एका कंपनीच्या रिझॉल्व्हरने 10:50 ला जुनं उत्तर घेतलं होतं. तो 2:50 पर्यंत जुनाच पत्ता देणार, आणि नियमाला धरूनच देणार. दुसऱ्या कंपनीकडे ही साइट सकाळपासून कुणी मागितलीच नव्हती. तिथे 11:05 ला पहिल्यांदा विचारणा झाली, की थेट नवा पत्ता मिळतो. दुकानातलं ब्रॉडबँड आणि मालकाचा मोबाइल यांत फरक पडतो तो एवढ्यामुळेच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. 12:30 वाजता दुकानातल्या कॉम्प्युटरवर dig चालवून आधी आपल्या रिझॉल्व्हरला आणि मग थेट नेमसर्व्हरला विचारू:

```
dig example.com A +noall +answer
example.com.  8400   IN  A  203.0.113.10

dig @ns1.example.com example.com A +noall +answer
example.com.  14400  IN  A  198.51.100.25
```

नेमसर्व्हर नवा पत्ता देतो, म्हणजे नोंद बरोबर बदलली आहे. रिझॉल्व्हरकडे जुना पत्ता आहे आणि त्याचे 8400 सेकंद, म्हणजे दोन तास वीस मिनिटं उरली आहेत. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर हा आकडा उतरलेला दिसतो. तो शून्यावर आला की रिझॉल्व्हर नव्याने विचारेल.

उलट, नेमसर्व्हरच जुना पत्ता सांगत असेल तर कितीही थांबून उपयोग नाही. बहुतेक वेळा बदल भलत्याच पॅनेलमध्ये केलेला असतो: डोमेन एका कंपनीकडे, नेमसर्व्हर दुसरीकडे, आणि नोंद बदलली पहिलीकडे. दोघंही नवा पत्ता देत असतील आणि ब्राउझर तरी जुनं पान उघडत असेल, तर ब्राउझरची किंवा कॉम्प्युटरची स्वतःची कॅशे, नाहीतर hosts फाइल तपासावी. विंडोजची कॅशे ipconfig /flushdns ने रिकामी होते. आणखी एक चूक नेहमीची: A नोंद बदलली, पण आयपीव्ही6 ची AAAA नोंद जुन्या सर्व्हरवरच राहिली. मग आयपीव्ही6 वापरणारे लोक कायम जुन्याच दारात जातात.

48 तासांचा आकडाही हवेतला नाही. साधी नोंद न बदलता नेमसर्व्हरच बदलले, तर .com च्या सर्व्हरांवर ठेवलेली त्यांची नोंद लागू होते आणि तिचा टीटीएल 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. तो आपल्याला कमी करता येत नाही.

आपल्या नोंदीचा टीटीएल मात्र आपल्या हातात असतो, पण वेळेआधी. पत्ता बदलल्यावर टीटीएल घटवून काही साधत नाही, कारण बाहेर गेलेल्या उत्तरांवर जुनीच मुदत असते. म्हणून आदल्या दिवशी टीटीएल 300 करावा, जुने चार तास पूर्ण जाऊ द्यावेत आणि मगच पत्ता बदलावा. मग बहुतेकांसाठी जुनं उत्तर पाच मिनिटांत संपतं. काही रिझॉल्व्हर स्वतःची किमान मुदत लावतात, म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करू नये. फक्त त्यावर नव्या ऑर्डरी घेणं थांबवावं, नाहीतर निम्म्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये आणि निम्म्या नव्यात पडतात, आणि त्या जुळवण्यात टीटीएलपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.