चित्रातला पत्ता (लेखांक ७) : सोनकीच्या पायाशी काय आहे?

फुलाचा जवळून घेतलेला फोटो समोर आला की आपली नजर फुलावर खिळते, आणि पत्ता शोधताना चूक होते ती तिथेच. समजा, फोटोत पिवळे फूल आहे आणि मागचे सगळे धूसर आहे. लांब देठावर एकच फूल असेल आणि कडेच्या मोजक्या पाकळ्यांना टोकाशी तीन दाते असतील, तर ती एकदांडी. मूळची मध्य अमेरिकेची ही वनस्पती आज मुंबईच्या फुटपाथपासून विदर्भातल्या बांधापर्यंत सगळीकडे आहे. तिच्यावरून गाव सोडाच, राज्यही सांगता येणार नाही. गाजरगवत आणि घाणेरी यांचेही तेच. रस्त्याकडेला जे सहज दिसते ते माणसाबरोबर आलेले असते, आणि जे माणसाबरोबर फिरते ते जागेबद्दल फारसे बोलत नाही.

तेच पिवळे फूल झुपक्यात असेल आणि पानांच्या कडा दातेरी असतील, तर ती बहुधा सोनकी. आता तपास सह्याद्रीच्या वरच्या अंगाला आला आणि महिना साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर ठरला. पण सोनकी गडाच्या तटाच्या फटीतही उगवते, म्हणून एवढ्यावर थांबू नये. तिच्या पायाशी पाहावे. तिथे उघड्या बारीक दांड्यांवर पांढऱ्या बटणांसारखे गेंद असतील, तर खाली पाणी साचणारा मातीचा पातळ थर आहे, म्हणजे उतार नव्हे, सडा. गेंद रत्नागिरीच्या समुद्राजवळच्या सड्यांवरही फुलतात, त्यामुळे एकट्या गेंदावरून उंची कळत नाही. सोनकीने घाटमाथा सांगितला, गेंदाने सपाटी सांगितली. दोन्ही एकत्र आले की सुमारे १,२०० मीटरवरच्या कासच्या पठारासारख्या जागा डोळ्यांसमोर येतात. मागे टोपलीसारखी गोल, ठेंगणी टोपली कारवी दिसली, तर हा अंदाज आणखी पक्का होतो.

यावर रास्त आक्षेप असा, की झाडाला समुद्रसपाटीपासूनचे मीटर कळत नाहीत. त्याला पाऊस, धुके आणि माती कळते. हे खरेच आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत शंभर मीटरही फरक नाही, पण अवघ्या वीसेक किलोमीटरांत पाऊस निम्म्याहून कमी होतो आणि रस्त्याकडेचे गवतही बदलते. म्हणून वनस्पतींवरून उंचीचा आकडा काढू नये, पट्टा काढावा: किनारा, कोकणातला सडा, घाटमाथा किंवा पूर्वेचा कोरडा देश. दुसरा आक्षेप गाड्यांबरोबर येणाऱ्या बियांचा. तो तणांना लागू पडतो, साचलेल्या पाण्यावर जगणाऱ्या गेंदाला फारसा नाही. चाकाला चिकटून बी आले तरी सडा काही सोबत येत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवताना फुलाबरोबर देठ, पाने आणि मुळाशी दिसणारी वीतभर जमीन यांचा आणखी एक फोटो जोडा.