नवा गेम आला. आधी कोणता पीसी काढायचा?

गंगापूर : गेमिंग कॅफेत मुलांना ‘काउंटर-स्ट्राइक 2’ हवा आहे. दोन पीसी मात्र अडखळतात: 2011 चा कोअर आय5-2400 आणि 2013 चा पेंटियम जी2030. दोन्हींत 4 जीबी डीडीआर3 रॅम. चालकाकडे पैसे एकाच नव्या पीसीपुरते. जुना आधी काढावा, असं त्याला वाटलं.

मग त्याने गेम सुरू असताना टास्क मॅनेजरमधला ‘परफॉर्मन्स’ टॅब पाहिला. आय5 वर मेमरी आणि डिस्क 100 टक्क्यांजवळ, प्रोसेसर मात्र मोकळा. पेंटियमवर प्रोसेसरच 100 टक्क्यांवर.

कारण काय? या गेमला किमान 4 थ्रेड आणि 8 जीबी रॅम लागते. आय5 मध्ये 4 थ्रेड आहेत. पेंटियममध्ये दोनच, आणि रॅम वाढवून थ्रेड वाढत नाहीत.

म्हणून नवा असूनही पेंटियम आधी निघाला. त्याची रॅम आय5 मध्ये बसवली, झाली 8 जीबी. गेमला सुमारे 85 जीबी जागा लागते, म्हणून हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली.

ही मुदतवाढच आहे. आय5-2400 वर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढचा नंबर त्याचाच.