मुतखडा: थांबायचं किती, काढायचा कधी?

मध्यरात्री बरगडीखाली, पाठीच्या एका बाजूला अचानक कळ उठते. ती कुशीतून जांघेकडे उतरते, ओसरते, पुन्हा चढते. सोबत मळमळ आणि उलटी. ॲपेंडिक्सचा रुग्ण हलायला घाबरतो, मुतखड्याचा एका जागी बसूच शकत नाही. खडा मूत्रवाहिनीत अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी ताणली जाते. दुखणं मुख्यतः त्या ताणाचं असतं. म्हणूनच ऐन कळेत तांब्यावर तांब्या पाणी पिऊन खडा ‘ढकलायला’ जाणं व्यर्थ. डायक्लोफेनॅकसारखं औषध तुंबलेल्या किडनीतला दाब उतरवतं. मात्र किडनी आधीच कमकुवत असेल तर ते चालत नाही.

चाळिशीतला एखादा रिक्षाचालक घेऊ. सोनोग्राफीत उजव्या किडनीला थोडी सूज दिसली, खडा दिसला नाही. असं नेहमी होतं, कारण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतल्या वायूआड दडतो. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे उमटत नाहीत. कमी किरणांच्या, रंगद्रव्याविना केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मात्र मूत्राशयाजवळ ६ मिलिमीटरचा खडा सापडला. प्रत्येक कळेला सीटी करावा असं नाही. गरोदर बाई आणि लहान मुलांत आधी सोनोग्राफीच. पण साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली, तर सीटी टाळू नये. पोटातली फुगलेली महाधमनी फुटू लागली तरी हुबेहूब असंच दुखतं.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, पाच ते दहामधले साधारण निम्मे. म्हणून रिक्षावाल्याला वेदनाशामक आणि मूत्रवाहिनी सैल करणारं टॅमसुलोसिन देऊन थांबायला सांगितलं. आठवड्यात दुखणं गेलं. खरा धोका इथेच असतो. तुंबलेली किडनी हळूहळू काम कमी करते आणि दुखणंही शमतं. खडा जागच्या जागी राहतो. घरचे श्रेय कुळथाच्या पाण्याला देऊन मोकळे! खडा पडताना दिसला नसेल, तर पुन्हा तपासणी हवीच. चार-सहा आठवड्यांपलीकडे वाट पाहिली तर किडनीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. याचा खडा चार आठवड्यांनीही तिथेच होता, म्हणून दुर्बिणीने लेसर वापरून फोडला.

खडा एक सेंटिमीटरहून मोठा, कळ औषधाला न जुमानणारी, क्रिएटिनिन वाढतंय किंवा किडनी एकच आहे, तर इतकं थांबतच नाहीत. आणि थंडी वाजून ताप आला तर खडा चार मिलिमीटरचा असला तरी त्याच रात्री धावायचं. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात उतरतात, निव्वळ प्रतिजैविकं पुरत नाहीत. अशा वेळी डॉक्टर खड्याला हात लावत नाहीत; आत डीजे स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून आधी लघवीला वाट देतात. संसर्ग निवळल्यावर खडा काढतात. स्टेंट काढायची तारीख मात्र तेव्हाच लिहून घ्यावी, कारण महिनोन्‌महिने विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात.