'इट' काढायचं की ठेवायचं?

प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या एका वाक्याखाली सरांनी लाल रेघ मारली : 'द सर्किट विच वी टेस्टेड इट फेल्ड.' कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही हे माझ्याच हातून झालं होतं! रूम पार्टनर म्हणाला, "अरे, रिपोर्टमधले सगळे 'इट' खोडून टाक." पण असं करू नका मित्रांनो.

त्यापेक्षा प्रत्येक क्रियापदाला प्रश्न विचारा. 'टेस्टेड' : काय टेस्ट केलं? सर्किट, ती जागा 'विच'ने घेतलीय. 'फेल्ड' : काय फेल झालं? 'द सर्किट' वाक्याच्या सुरुवातीलाच बसलंय. दोन्ही जागा भरलेल्या, म्हणून 'इट' जादा. बरोबर वाक्य : 'द सर्किट विच वी टेस्टेड फेल्ड.'

आता हे बघा : 'वी रिप्लेस्ड द सर्किट विच फेल्ड व्हेन वी टेस्टेड इट.' इथे 'विच' हा 'फेल्ड'चा कर्ता झाला. 'टेस्टेड'चं कर्म मात्र रिकामं राहिलं, ते 'इट'ने भरलं. हे 'इट' खोडलं तर काय टेस्ट केलं तेच कळणार नाही.

मग चूक येते कुठून? आपण मनात मराठी बोलतो : 'जे सर्किट आम्ही तपासलं, ते बंद पडलं.' मराठीत 'जे' आलं की जोडीला 'ते' येतंच, आणि त्यात चूक काहीच नाही. इंग्रजीत ते 'ते'चं काम सुरुवातीचं 'द सर्किट'च करतं. आपण सवयीने 'ते'चं 'इट' करून मध्ये घुसवतो, एवढंच!