फोनवरचं ‘बरं हाय’ आणि वजनाचा काटा

“कशा आहात मावशी?” “बरं हाय की.” फोन संपतो आणि नोंदीत ‘रुग्ण स्थिर’ असं लिहिलं जातं. नर्सिंग इन्फर्मॅटिक्सच्या सरावात विद्यार्थिनींची ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. ‘बरं हाय’ हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. परक्या माणसाला दुखणं सांगत बसू नये, शिवाय सिस्टरचा वेळ कशाला घ्यावा, असं बाईंना वाटत असतं. या उत्तरातून तब्येतीबद्दल काहीच कळत नाही.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा फोनवरून पाठपुरावा हा विषय घेतला, तर असे बरेच गैरसमज एकाच ठिकाणी सापडतात. सुरुवात नावापासून होते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचं पंपिंग शरीराच्या गरजेला पुरत नाही, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साचतं. हे साचणं बहुधा हळूहळू होतं. म्हणूनच दवाखान्यातून घरी गेल्यावरचे पहिले आठवडे जोखमीचे असतात आणि तेव्हाच वेळेवर केलेल्या फोनचा उपयोग होतो.

वर्गात शिकवण्यासाठी मी एक प्रसंग रचला आहे. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या 62 वर्षांच्या एक मावशी. घरी सोडताना सूज उतरलेली आणि वजन 54.2 किलो. यालाच आम्ही कोरडं वजन म्हणतो. रोज सकाळी लघवीची एक गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड. घरी काटा आहे आणि नात आकडे मोबाइलवरून पाठवते. पहिल्या ते सातव्या दिवसाचे आकडे असे: 54.2, 54.4, 54.7, 55.1, 55.4, 55.9, 56.3.

गैरसमज: संगणकाने इशारा दिला नाही म्हणजे सगळं ठीक

पाठपुराव्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा एक नियम असतो: तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं तर लाल खूण. नियम चांगला आहे, वैद्यकीय मार्गदर्शनाला धरूनही आहे. पण मावशींचे आकडे त्यात घालून पाहा. चौथ्या दिवसापासून सातव्यापर्यंत वाढ 1.2 किलो, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतही 1.2 किलो. कुठलेही तीन दिवस घेतले तरी आकडा दोनपर्यंत जात नाही, त्यामुळे पडदा हिरवाच राहतो. कोरड्या वजनाशी तुलना केली की मात्र सात दिवसांत 2.1 किलो वाढ दिसते. मावशींचं जेवण एका आठवड्यात एवढं सुधारलेलं नाही, हे पाणी आहे.

म्हणून दोन नियम लागतात. झटपट वाढीसाठी तीन दिवसांचा आणि संथ वाढीसाठी कोरड्या वजनाशी तुलनेचा. तिसरी गोष्ट विसरली जाते ती न आलेल्या आकड्याची. नात परीक्षेला गेली, दोन दिवस नोंद आली नाही, तर बऱ्याच पडद्यांवर काहीच बदलत नाही. रुग्णाला उठवत नाही म्हणून वजन झालं नाही, असंही असू शकतं. दोन दिवस शांतता असेल तर तो फोन करण्याचा दिवस समजावा.

आकडा खरा आहे का, हेही विचारावं लागतं. सारवलेल्या जमिनीवर किंवा गोधडीवर ठेवलेला काटा वेगळाच आकडा दाखवतो. फरशीचा एक सपाट तुकडा, तोच काटा, सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी, साधारण तेवढेच कपडे. उपकेंद्रातल्या काट्यावरचं वजन आणि घरचं वजन एकाच रांगेत भरू नये. आणि नोंदीत ‘वजन थोडं वाढलं’ हे वाक्य नको. आकडा, किलो, मोजल्याची तारीख आणि कुणी मोजलं, एवढं स्वतंत्र रकान्यांत हवं. वाक्यावर संगणकाला बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. वजन स्थिर असूनही दम वाढलेले रुग्ण पुष्कळ असतात. स्नायू झिजत असतील तर साचलेलं पाणी त्या घटीत लपून जातं. त्यामुळे काट्यानंतर प्रश्न येतातच.

गैरसमज: फोनवर तपासणी होत नाही

स्टेथोस्कोप लावता येत नाही, हे खरं. पण कान आहेत. मावशी एका श्वासात पूर्ण वाक्य बोलतात की दोन शब्दांनंतर थांबतात? वाक्याच्या मधे धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल किंवा बोलणं विस्कळीत झालं असेल, तर प्रश्नावली तिथेच थांबवायची आणि 108 ला फोन लावायला लावायचा. उरलेले रकाने रिकामे राहू द्यावेत.

तसं काही नसेल तर पुढे जायचं. इथे प्रश्नाची घडण फार महत्त्वाची. “झोप लागते का?” याला “लागती की” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी सातव्या दिवशीचं हे संभाषण पाहा.

“मावशी, रात्री डोक्याखाली काय काय घेता?”

“दोन उशा. अन् वर गोधडीची घडी.”

“घरी आलात त्या दिवशी किती घेतल्या होत्या?”

“तवा एकच व्हती. आता आडवं झालं की खोकला येतुया.”

हे निरीक्षण नोंदण्याजोगं आहे: उशा एकवरून तीनइतक्या, आडवं झाल्यावर खोकला. पायाच्या सुजेसाठीही तसंच. “सूज आहे का?” यापेक्षा “चपलेचा पट्टा घट्ट होतोय का? पैंजणाचा वळ उठतोय का?” हे विचारलं की मावशी वाकून बघतात.

आणि नेमकं इथे एक साधन फसवतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 97 दिसलं म्हणून कुटुंब निश्चिंत होतं. पाणी साचायला सुरुवात झाली तरी बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन बराच काळ नीट राहू शकतो. वाईट आकड्याची दखल घ्यायचीच, पण चांगल्या आकड्यावर विसंबून राहायचं नाही.

गैरसमज: “गोळ्या घेता ना?” विचारलं की काम झालं

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची हिंमत फार थोड्यांत असते. मी मुलींना आधी चुकण्याला जागा करून द्यायला सांगते. “सगळ्यांचीच एखादी गोळी राहते. या आठवड्यात लघवीची गोळी कुठल्या दिवशी राहिली?” आणि मग पाकीट आणायला सांगायचं. पंधरा गोळ्यांतून सात दिवसांनी आठ उरायला हव्या होत्या. मावशींनी मोजल्या, अकरा निघाल्या. तीन दिवस गोळी घेतलेली नाही.

कारण? पुतणीची हळद, लग्न आणि बाजारचा दिवस. एसटीत दोन तास बसायचं, वाटेत बायकांना जायला जागा नाही. गोळी घेतली की तासाभरात पळावं लागतं. हे ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ या रकान्यात भरणारी नर्स त्या एसटीतून कधी गेलेली नसावी. नोंदीत कारण लिहायचं, कारण उपाय त्यातूनच निघतो.

पुढचा प्रश्न दुकानातल्या गोळ्यांचा. मावशींच्या दृष्टीने ‘औषध’ म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी त्यात मोडत नाही, म्हणून ती वेगळी विचारावी लागते. मावशी लग्नात नाचलेल्या नसल्या तरी उभ्या राहून दमल्या होत्या आणि चार दिवस डायक्लोफेनॅक घेत होत्या. या जातीची वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात. त्यात लग्नातलं लोणचं-पापड. 2.1 किलोचा हिशेब लागला.

गैरसमज: मग नर्सने गोळी वाढवून सांगावी

इथे मोह होतो. पण भारताच्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहिणं, बदलणं हे नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे. नर्स सल्लामसलत घडवून आणते, माहिती पुरवते. त्याच तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे: रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरता येते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने सल्लामसलत सुरू केली तर स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवावी लागते. पाठपुराव्याचा फोन आपणच करत असतो, म्हणून संमती विचारणारं वाक्य दर वेळी हवं. त्याआधी ओळख पटवायची. फोन बहुधा मुलाचा किंवा सुनेचा असतो. नाव, वय आणि डिस्चार्ज कार्डावरची एक नोंद जुळली की मगच आजाराचा उल्लेख. मग शेजारी कोण आहे ते विचारायचं. सासूबाईंची लघवीची गोष्ट सुनेसमोर निघणार नसेल, तर पुन्हा फोन करायची वेळ ठरवायची.

डॉक्टरांना सांगताना आम्ही चार पायऱ्या पाळतो: आता काय झालं, मागची माहिती, माझा अंदाज, काय हवं. मावशींच्या बाबतीत ते असं झालं: “सर, हार्ट फेल्युअरच्या रुग्ण, घरी जाऊन सातवा दिवस, वजन कोरड्या वजनापेक्षा 2.1 किलो जास्त. आडवं झाल्यावर खोकला, उशा वाढल्या, वाक्य पूर्ण बोलतात, छातीत दुखत नाही. फ्युरोसेमाइड तीन दिवस चुकलं, चार दिवस डायक्लोफेनॅक सुरू. पाणी साचतंय असं वाटतं. आज व्हिडिओवर बघाल का?” हे सांगायला मिनिटभरही लागत नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहिलं. वेदनाशामक बंद, दुखण्यासाठी दुसरा पर्याय, लघवीची गोळी रोज, प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर घेतली तरी चालेल, आणि ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी. फोन ठेवण्याआधी मी “समजलं का?” विचारू देत नाही. “मावशी, आता हे नातीला तुम्ही कसं सांगाल?” मावशींनी सांगितलं, “बाजारच्या दिशी गोळी खायाची न्हाई.” पुन्हा समजावलं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं: “घरी आल्याव खायाची.”

गैरसमज: जितकी यंत्रं तितका फायदा

2010 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या टेलि-एचएफ अभ्यासात 1,653 रुग्ण होते. निम्म्यांनी रोज स्वयंचलित फोनप्रणालीला लक्षणं आणि वजन कळवायचं होतं. मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्यात फरक पडला नाही. काहींनी ती प्रणाली एकदाही वापरली नाही, आणि शेवटी निम्म्याच्या आसपास लोक नियमित कळवत होते. उलट 2018 च्या जर्मनीतल्या टिम-एचएफ 2 अभ्यासात मृत्यू कमी झाले. तिथे आकड्यांमागे डॉक्टर-नर्सचं चोवीस तास जागं केंद्र होतं. दोन अभ्यासांतले रुग्ण सारखे नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय त्या केंद्रालाच देता येणार नाही. पण 2005 चा अर्जेंटिनातला डायल अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. त्यात प्रशिक्षित नर्स साध्या फोनवर बोलत होत्या. पहिले चार फोन पंधरवड्याच्या अंतराने, पुढे रुग्णाच्या स्थितीप्रमाणे. हार्ट फेल्युअरसाठीच्या भरती सुमारे 29 टक्क्यांनी घटल्या.

मावशींना पुढचा फोन 48 तासांनी झाला: वजन 55.4, खोकला कमी. बाराव्या दिवशी 54.5, एक उशी. पोटॅशियमचा अहवाल नातीने फोटो काढून पाठवला, पण तो तिरका होता आणि दशांश चिन्ह दिसत नव्हतं. तो आकडा नोंदीत भरला नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला फोन करून विचारला.